लॅसिक्सनंतरची लघवी: एका प्रकरणातला फेना, एफई-युरिया आणि एककांचा घोळ

हे प्रकरण शिकवण्यासाठी रचलेलं आहे, कुणा एका रुग्णाचं नाही. पण यातला प्रत्येक तुकडा मेडिसिन वॉर्डात काम केलेल्यांच्या ओळखीचा असेल, आणि आकडे एकमेकांशी जुळतात. कागद-पेन घेऊन बसलात तर वाचता वाचता गणितं करून पाहता येतील.

68 वर्षांच्या आजी, गाव सोलापूर जिल्ह्यातलं. सहा वर्षांपूर्वी हार्ट अटॅक येऊन गेलेला, हृदयाचं इजेक्शन फ्रॅक्शन 35 टक्के. रोजची औषधं म्हणजे टोरसेमाइड 20 मि.ग्रॅ., स्पायरोनोलॅक्टोन 25, टेल्मिसार्टन 40 आणि कार्व्हेडिलॉल. मधुमेह नाही. दोन महिन्यांपूर्वीचं क्रिएटिनिन 1.0. तीन दिवस जुलाब, दिवसाला आठ-दहा वेळा. खाणं जवळपास बंद, पाणी घोट-घोट. सूनबाईंना गोळ्यांबद्दल विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "त्या तर एकही चुकवली नाही. हार्टच्या आहेत, कधी बंद करायच्या नाहीत असं सांगितलं होतं." म्हणजे शरीरातून दोन वाटांनी पाणी चाललं होतं, आणि त्यातली एक वाट आपणच उघडी ठेवली होती.

तिसऱ्या दिवशी लघवी फारच कमी झाली. जवळच्या दवाखान्यात पावलांवर थोडी सूज दिसली, हृदयाचा जुना आजार माहीत होता, म्हणून रात्री 8 वाजता शिरेतून लॅसिक्स हे लघवी वाढवणारं औषध 40 मि.ग्रॅ. दिलं गेलं. साडेबाराला आजी जिल्ह्याच्या मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत पोचल्या.

बीपी 92/60, नाडी 88. कार्व्हेडिलॉल चालू असताना नाडीच्या 88 वर समाधान मानू नये, ते औषध तिला फार वर जाऊ देत नाही. जीभ कोरडी, मानेची शीर 30 अंशांवर दिसत नाही, छाती स्वच्छ. वजन 51.5 किलो. घरच्या वहीत पंधरा दिवसांपूर्वी 55 लिहिलेलं होतं. त्या वहीतल्या नोंदीचं मोल पुढच्या सगळ्या तपासण्यांपेक्षा जास्त होतं असं मी म्हणेन, पण रात्री दीड वाजता ती वही कुणी उघडली नव्हती.

कॅथेटर घातला तेव्हा 240 मि.लि. लघवी निघाली, फिकट पिवळी. रक्त आणि लघवी दोन्ही एकाच वेळी पाठवले. रक्तात सोडियम 132, पोटॅशियम 5.4, बायकार्बोनेट 17, क्रिएटिनिन 2.8, बीयूएन 68. लघवीत सोडियम 62, क्रिएटिनिन 72, युरिया 900. सोडियम, पोटॅशियम आणि बायकार्बोनेट मिलिइक्विव्हॅलंट प्रतिलिटरमध्ये, बाकीचे मि.ग्रॅ. प्रतिडेसिलिटरमध्ये.

रेसिडेंटने मोबाइलवर हिशेब केला. फेना 1.8 टक्के, एफई-युरिया 51 टक्के. नोटमध्ये लिहिलं: "दोन्ही आकडे एटीएनकडे. फ्लुइड जपून, नेफ्रॉलॉजी कॉल, डायलिसिसची तयारी ठेवावी."

म्हणजे किडनीच्या नलिकांच्या पेशीच मेल्या आहेत असा निष्कर्ष. आकडे टाइप करण्यात काहीच चुकलं नव्हतं. तरीही निष्कर्ष उलटा निघाला, आणि दोन आकड्यांनी दोन वेगळ्या कारणांनी फसवलं. म्हणून दोन्ही नीट उलगडायला हवेत.

फेना नक्की काय मोजतो

किडनीच्या गाळणीतून जेवढं सोडियम खाली उतरलं, त्यातलं किती टक्के लघवीत गेलं, एवढाच हा हिशेब आहे. गाळलेलं प्रमाण थेट मोजता येत नाही, म्हणून क्रिएटिनिनचा आधार घेतो. क्रिएटिनिन गाळलं जातं आणि बहुतेक सगळं बाहेर जातं, त्यामुळे लघवी किती घट्ट झाली हे त्यावरून कळतं.

```
FENa    = (UNa × PCr) / (PNa × UCr) × 100
FEUrea  = (UUrea × PCr) / (PUrea × UCr) × 100
```

आजींसाठी 62 गुणिले 2.8 भागिले 132 गुणिले 72. म्हणजे 173.6 भागिले 9504, अर्थात 1.8 टक्के.

एस्पिनेल यांनी 1976 मध्ये ही चाचणी मांडली ती लघवी कमी झालेल्या 17 रुग्णांवर. रक्तपुरवठा कमी पडला पण नलिका शाबूत असतील तर त्या सोडियम जिवाच्या आकांताने धरून ठेवतात आणि फेना 1 टक्क्याच्या खाली राहतो. याला आपण प्रीरीनल म्हणतो. नलिकांच्या पेशीच मेल्या असतील, म्हणजे एटीएन असेल, तर सोडियम परत ओढून घेता येत नाही आणि फेना 2 च्या वर जातो. मधला पट्टा संदिग्ध.

इथे एक गोष्ट हळूच विसरली जाते. 1 टक्का हा आजाराचा गुणधर्म नाही. निरोगी माणसाची किडनी दिवसाला सुमारे 180 लिटर गाळते. प्रत्येक लिटरात 140 सोडियम धरलं तर 25,200 मिलिइक्विव्हॅलंट. माणूस दिवसाला दहा ग्रॅम मीठ खात असेल तर साधारण 170 बाहेर टाकावं लागतं. म्हणजे धडधाकट माणसाचा फेनासुद्धा 0.7 टक्के. उलट ज्याची गाळणी जुन्या आजाराने मिनिटाला 20 मि.लि.वर आली आहे तो दिवसाला जेमतेम 29 लिटर गाळतो, सोडियम साधारण 4000. त्याने दिवसाला 100 बाहेर टाकलं तरी फेना अडीच टक्के होतो, आणि त्याच्या किडनीला नवं काहीही झालेलं नसतं. म्हणून 1 आणि 2 चे उंबरठे गाळणी एकदम खाली आलेल्या, लघवी कमी झालेल्या, आधी किडनी बरी असलेल्या माणसासाठी आहेत. आजी या चौकटीत बसत होत्या. फक्त एक अट मोडली होती.

लॅसिक्सने काय केलं

लॅसिक्स, टोरसेमाइड ही औषधं हेन्लेच्या लूपच्या जाड चढत्या भागात काम करतात. तिथला सोडियम-पोटॅशियम-क्लोराइड वाहक बंद पाडतात. गाळलेल्या सोडियमपैकी पाव हिस्सा एरवी याच भागात परत घेतला जातो. तो दरवाजा बंद केला की नलिका कितीही निरोगी असोत, शरीर कितीही कोरडं असो, सोडियम लघवीत वाहणारच. त्यावेळी मोजलेला फेना नलिकांची तब्येत सांगत नाही, औषध पोचलं की नाही एवढंच सांगतो.

आता नमुना कसा घेतला ते पाहा. कॅथेटर घातल्यावर जी 240 मि.लि. आली ती काही मध्यरात्री तयार झालेली लघवी नव्हती. शिरेतल्या लॅसिक्सचा मुख्य जोर साधारण पहिल्या दोन तासांत असतो, किडनी मंद असेल तर तो लांबतो. म्हणजे रात्री आठपासून साठत आलेली, बरीचशी लॅसिक्सच्या जोरावर उतरलेली लघवी मूत्राशयात थांबली होती, आणि नेमका तिचाच नमुना लॅबला गेला. रेसिडेंटच्या मनात "इंजेक्शनला पाच तास होऊन गेले" असा हिशेब असणार. पण पाच तास घड्याळाचे झाले होते, त्या लघवीचे नाही. कॅथेटर घालताना आलेली पहिली लघवी टाकून द्यावी, पिशवी रिकामी करावी आणि पुढच्या अर्ध्या-एक तासात थेंबथेंब जमलेली पाठवावी. लघवी फार कमी असेल तर थांबावं लागतं, पण तो वेळ वाया जात नाही, सलाइन तोवर चालूच असतं.

एवढ्यावरून "लघवीचं औषध घेतलं असेल तर फेना पाठवूच नका" असं शिकवलं जातं. ते मला पटत नाही, कारण औषध आकड्याला एकाच दिशेने ढकलतं. ते सोडियम बाहेर काढतं, म्हणजे फेना वर नेतं. औषध अंगात असताना फेना 1.8 किंवा 4 आला तर त्याचा काहीच अर्थ लावता येत नाही. पण औषध अंगात असूनही फेना 0.4 आला, तर नलिका त्या रेट्याविरुद्धही सोडियम धरून आहेत असा त्याचा अर्थ, आणि तो पुरावा एरवीच्या 0.4 पेक्षाही वजनदार आहे. 2002 मध्ये कार्वूनिस आणि सहकाऱ्यांनी किडनी निकामी होण्याचे 102 प्रसंग तपासले. लघवीचं औषध न घेतलेल्या प्रीरीनल रुग्णांपैकी 92 टक्क्यांचा फेना 1 च्या खाली होता, औषध घेतलेल्यांत तो 48 टक्क्यांचाच. म्हणजे औषध घेतलेल्या जवळपास निम्म्या प्रीरीनल रुग्णांत कमी फेना तरीही सापडला. तो सापडला की सोडू नये, नाही सापडला तर नुसत्या त्यावरून एटीएन म्हणू नये.

या एका दिशेच्या नियमालाही एक पळवाट आहे. लॅसिक्सचा जोर ओसरल्यावर किडनी काही तास उलट जास्त सोडियम धरते. त्या तासांत फेना थोडा खाली दिसू शकतो. म्हणून नमुना घेतल्याची वेळ आणि औषध दिल्याची वेळ दोन्ही नोटमध्ये हव्यात. त्याशिवाय फेनाचा आकडा अर्धवट असतो.

युरिया वेगळा का

युरियाचा मोठा भाग नलिकेच्या अगदी सुरुवातीला, प्रॉक्सिमल भागात, पाण्याच्या मागोमाग परत जातो. लॅसिक्स त्याच्या पुढच्या स्टेशनवर बसतं. शरीर कोरडं असताना प्रॉक्सिमल भाग पाणी जोराने ओढतो, पाण्याबरोबर युरिया ओढला जातो, आणि पुढे लॅसिक्स सोडियमचं काहीही करो, युरियाचा मुख्य हिशेब आधीच झालेला असतो. कलेक्टिंग डक्टच्या शेवटीही व्हॅसोप्रेसिनच्या हुकमाने थोडा युरिया परत घेतला जातो, ते पुढे उपयोगी पडेल.

त्यामुळे एफई-युरिया 35 टक्क्यांच्या खाली असेल तर प्रीरीनलकडे, 50 च्या वर असेल तर एटीएनकडे, असा उंबरठा धरतात. कार्वूनिस यांच्या त्याच अभ्यासात औषध घेतलेल्या प्रीरीनल रुग्णांपैकी 89 टक्क्यांचा एफई-युरिया 35 च्या खालीच होता.

मग आजींचा 51 कसा आला?

रक्ताची तपासणी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये झाली. तिथला रिपोर्ट बीयूएन देतो, म्हणजे युरियातल्या फक्त नायट्रोजनचं वजन. लघवीचा नमुना बाहेरच्या लॅबला गेला, आणि तिथे अख्ख्या युरियाचं वजन छापून आलं. दोन्ही कागदांवर एकक मि.ग्रॅ. प्रतिडेसिलिटर, त्यामुळे डोळ्यांना काहीच खटकत नाही. पण युरियाच्या रेणूचं वजन 60, त्यातल्या दोन नायट्रोजनचं 28. म्हणून युरिया म्हणजे बीयूएन गुणिले 2.14. सूत्रात वर युरिया आणि खाली बीयूएन घातलं की उत्तर दुपटीहून जास्त फुगतं.

```
चूक:   (900 × 2.8) / (68 × 72) × 100     = 51%
बरोबर: 68 × 2.14 = 145.5
       (900 × 2.8) / (145.5 × 72) × 100  = 24%
```

51 आणि 24 यांच्यात एटीएन आणि प्रीरीनलचं अंतर आहे. घोळ उलट्या बाजूनेही होतो. रक्ताचा युरिया आणि लघवीचं युरिया-नायट्रोजन घातलं तर 55 टक्क्यांचा खरा एटीएन 26 टक्के दिसतो, आणि मग सलाइन चढवत राहण्याचा मोह होतो. तो प्रकार मला जास्त धोक्याचा वाटतो. आपल्याकडे काही लॅब युरिया छापतात, काही बीयूएन, काही दोन्ही एकाखाली एक. मोबाइलवरचं कॅल्क्युलेटर एकक विचारतं, पदार्थाचं नाव कुणी तपासत नाही. लघवीच्या रिपोर्टवर नुसतं "युरिया" लिहिलं असलं तरी लॅबला फोन करून विचारावं, कारण मशिनच्या पडद्यावर एक आणि छापील कागदावर दुसरं असं होऊ शकतं.

लघवीच्या औषधाने न बदलणाऱ्या खुणा

सकाळी सात वाजता राउंडला सीनियर मॅडमनी रिपोर्ट हातात घेतले आणि पहिला प्रश्न विचारला, "लघवीचं सेडिमेंट पाहिलं का?" पाहिलं नव्हतं. ताज्या नमुन्यातली दहा मि.लि. लघवी पाच मिनिटं सेंट्रीफ्यूजमध्ये फिरवली, वरचं पाणी ओतून टाकलं आणि तळाशी उरलेला थेंब काचपट्टीवर घेतला. दिसल्या त्या चार-पाच पारदर्शक हायलाइन कास्ट. मळकट तपकिरी दाणेदार कास्ट एकही नाही, नलिकांच्या सुट्या पेशीही नाहीत. एटीएनमध्ये हे तपकिरी कास्ट दिसतात. लॅसिक्स ते तयार करू शकत नाही आणि असलेले पुसूनही टाकत नाही. एकही कास्ट नसणं म्हणजे एटीएन नाहीच असं होत नाही, पण फेना आणि सेडिमेंट विरुद्ध बोलत असतील आणि लॅसिक्स दिलेलं असेल, तर मी सेडिमेंटच्या बाजूने उभा राहतो.

बाकीचे धागेही जुळत होते. बीयूएन-क्रिएटिनिनचं गुणोत्तर 24. वजनात साडेतीन किलोंची घट. सोनोग्राफीत दोन्ही किडन्या दहा सेंटिमीटरच्या आसपास, कुठेही तुंबलेलं पाणी नाही, आणि आयव्हीसी बारीक, श्वासाबरोबर मिटणारी. लघवीची स्पेसिफिक ग्रॅव्हिटी मात्र 1.012 आली होती आणि रात्रीच्या नोटमध्ये तीही एटीएनचा पुरावा म्हणून धरली होती. तिला बाजूला ठेवलं, कारण लॅसिक्स लघवी घट्ट करण्याची यंत्रणाच मोडतं. चढत्या लूपमधून मीठ बाहेर पडलं नाही तर मेड्युला खारट राहत नाही आणि लघवी पातळच उतरते. म्हणजे औषधाखाली फेना आणि स्पेसिफिक ग्रॅव्हिटी दोन्ही एकाच कारणाने एकाच बाजूला सरकतात. त्यांना दोन स्वतंत्र साक्षीदार समजू नये.

सलाइन आणि दुसरा नमुना

तिन्ही औषधं थांबवली: टोरसेमाइड, स्पायरोनोलॅक्टोन, टेल्मिसार्टन. बीपी कमी असल्याने कार्व्हेडिलॉलचा त्या दिवसाचा डोस रोखला. रात्रीपासून रिंगर लॅक्टेट 250 मि.लि. अर्ध्या तासात, मग छाती ऐकायची, ऑक्सिजन पाहायचा, मानेची शीर पाहायची, आणि पुढचे 250. इजेक्शन फ्रॅक्शन 35 असलेल्या माणसाला एकदम लिटर लावायचा नाही, पण कोरडंही ठेवायचं नाही. पोटॅशियम 5.4 म्हणून रिंगर लॅक्टेट नको, असं कुणीतरी सुचवलं. त्यात लिटरला जेमतेम चार पोटॅशियम असतं, रक्तातल्यापेक्षाही कमी, आणि ॲसिडोसिस असताना नुसत्या नॉर्मल सलाइनने पोटॅशियम उलट चढू शकतं. तेव्हा तेच चालू ठेवलं.

सकाळी साडेदहापर्यंत एक लिटर गेलं होतं. बीपी 108/66. लघवी तासाला 35 मि.लि. पिशवी रिकामी करून अर्ध्या तासात जमलेला ताजा नमुना, आणि त्याच वेळचं रक्त. या खेपेला दोन्ही एकाच लॅबला. लघवीत सोडियम 14, क्रिएटिनिन 98, युरिया 1120. रक्तात सोडियम 134, क्रिएटिनिन 2.5, युरिया 133.

```
FENa    = (14 × 2.5) / (134 × 98) × 100    = 0.27%
FEUrea  = (1120 × 2.5) / (133 × 98) × 100  = 21.5%
```

नऊ तासांत फेना 1.8 वरून 0.27 वर आला, जवळपास सात पटींनी कमी. एफई-युरिया 24 वरून 21.5, म्हणजे जवळजवळ जागेवरच. नलिका रात्रीत बऱ्या होऊन सकाळी कामाला लागल्या असं काही घडलं नव्हतं. त्या पहिल्यापासून शाबूत होत्या, मधून फक्त लॅसिक्स निघून गेलं होतं. लॅसिक्स काय बदलतं आणि काय नाही, हे दोन नमुने शेजारी ठेवले की एका नजरेत दिसतं.

आता 0.27 हा आकडा तरी निखळ आहे का? पूर्ण नाही. लॅसिक्सला चौदा तास झाले होते, तेव्हा ओसरल्यानंतरच्या सोडियम-साठवणीचा त्यात वाटा असू शकतो. पण स्पायरोनोलॅक्टोनची शेवटची गोळी आदल्या सकाळची, आणि तिचे सक्रिय घटक बराच काळ रेंगाळतात. ती सोडियम बाहेरच ढकलत होती. एक लिटर रिंगरही सोडियमच देत होतं. एवढं असूनही 0.27 आला, म्हणून त्यावर भरवसा ठेवला. एफई-युरियाशी तो जुळलाही.

एफई-युरियावर कधी भार टाकू नये

आजींच्या बाबतीत एफई-युरिया उपयोगी पडला, कारण त्यांची औषधं प्रॉक्सिमल भागाच्या पुढे काम करणारी होती. ॲसिटाझोलामाइड किंवा मॅनिटॉल दिलं असेल, किंवा साखर खूप वाढून लघवीत उतरत असेल, तर प्रॉक्सिमल भागातच पाण्याचं शोषण बिघडतं आणि युरियाही त्याबरोबर सुटतो. तिथे फेना गेला म्हणून एफई-युरिया धरायचा, या युक्तीत दम नाही.

हृदयाच्या रुग्णांत आज आणखी एक औषध सर्रास असतं: डापाग्लिफ्लोझिन. 2020 मध्ये त्याचं पेटंट संपल्यावर भारतात ते स्वस्त झालं आणि आता तालुक्याच्या मेडिकलमध्येही मिळतं. ते प्रॉक्सिमल भागातच साखर आणि सोडियम सोडायला लावतं. कार्वूनिस यांच्या 2002 च्या रुग्णांत असं औषध घेणारं कुणी असणं शक्य नव्हतं, कारण ते बाजारातच नव्हतं. त्यामुळे 35 चा उंबरठा या रुग्णांना लावताना मी त्यावर निर्णय ठेवत नाही. लघवीत साखर भरपूर आणि रक्तात साखर साधारण दिसली, तर आधी गोळ्यांची पिशवी मागवावी. घरचे "शुगर नाही" म्हणतात म्हणून हे औषध नसेल असं धरू नये, हल्ली ते मधुमेह नसलेल्यांनाही हृदयासाठी देतात.

सेप्सिस हा दुसरा मोठा अपवाद. कलेक्टिंग डक्टमधले युरियाचे वाहक दाहामुळे मंदावतात, असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. मग नलिका शाबूत असूनही युरिया सुटतो. 2007 मध्ये पेपिन आणि सहकाऱ्यांनी 99 रुग्णांवर दोन्ही निर्देशांक पडताळले, तेव्हा लघवीचं औषध घेतलेल्यांत एफई-युरियाची किडनीचा टिकाऊ बिघाड ओळखण्याची क्षमता फारच कमी निघाली. ज्यांचा बिघाड आठवडाभर टिकला त्यांच्यापैकी पुष्कळांचा एफई-युरियाही 35 च्या खालीच होता. 2002 चा उत्साह मनात ठेवावा तसं हेही ठेवावं. आजींसारख्या सरळ पाणी कमी झालेल्या रुग्णात एफई-युरिया चांगला साथ देतो. आयसीयूतल्या तापाने फणफणलेल्या, तीन अँटिबायोटिकांवरच्या रुग्णात तो तेवढा बोलत नाही.

फेनाही औषधाविना फसवू शकतो. आजींना जुलाबांऐवजी उलट्या असत्या तर अल्कलोसिस झाला असता. लघवीत बायकार्बोनेट उतरताना ते सोडियमला बरोबर ओढून नेतं आणि कोरड्या माणसाचाही फेना वर जातो. अशा वेळी लघवीतलं क्लोराइड पाहावं, ते 20 च्या खाली असेल तर शरीर कोरडं आहे. उलट बाजूला, कॉन्ट्रास्टनंतर, स्नायू फुटल्यावर किंवा घोणस चावून रक्तपेशी फुटल्यावर होणाऱ्या किडनीच्या बिघाडात नलिकांना खरी इजा असूनही फेना 1 च्या खाली असू शकतो. घोणसच्या रुग्णात लघवीचा लालसर रंग फेनापेक्षा जास्त सांगतो.

पुढे

दुसऱ्या दिवशी क्रिएटिनिन 1.9, तिसऱ्या दिवशी 1.3, पाचव्या दिवशी 1.1. डायलिसिसचा विषय दुसऱ्या दिवशीच संपला. पायांची सूज शेवटपर्यंत तेवढीच राहिली. आजी दिवसभर पाय खाली सोडून बसत, अल्ब्युमिन 2.9 होतं, आणि त्या सुजेचा रक्तवाहिन्यांत किती पाणी आहे याच्याशी संबंध नव्हता. मानेची शीर आणि वजन खरं सांगत होतं.

कार्व्हेडिलॉल दुसऱ्या दिवशी अर्ध्या डोसने, टोरसेमाइड वजन 54 वर आल्यावर 10 मि.ग्रॅ.ने सुरू केलं. पोटॅशियम 4.6 झाल्यावर टेल्मिसार्टन 20 मि.ग्रॅ.ने परत आलं. स्पायरोनोलॅक्टोन आठवड्याने, पोटॅशियम पुन्हा तपासून, असं ठरलं. सूनबाईंच्या वहीत वजनाच्या शेजारी मॅडमनी स्वतःच्या अक्षरात लिहून दिलं: दिवसात चारपेक्षा जास्त जुलाब, किंवा उलट्या, किंवा दोन दिवसांत दोन किलो वजन कमी, तर टोरसेमाइड, स्पायरोनोलॅक्टोन आणि टेल्मिसार्टन तिन्ही त्या दिवशी द्यायची नाहीत, कार्व्हेडिलॉल विचारल्याशिवाय बंद करायची नाही, आणि त्याच दिवशी फोन करायचा. सूनबाईंनी गोळ्यांची पाकिटं समोर ठेवून कुठली कोणती ते दोनदा वाचून घेतलं, आणि थांबवायच्या तिन्ही पाकिटांवर पेनाने फुल्या मारून घेतल्या.